शब-ए-मेराजची रात्र नेमकी कोणती? रजबच्या चंद्रापासून तारीख काढण्याची रीत

शब-ए-मेराज रजब या इस्लामी महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री मानली जाते, आणि जानेवारी २०२६ मध्ये एकट्या मुंबईत ही सत्ताविसावी रात्र तीन वेगवेगळ्या संध्याकाळी सुरू होताना दिसली. दाऊदी बोहऱ्यांच्या हिशोबाने ती १४ जानेवारीला आली. सौदी अरेबियाच्या दिनदर्शिकेवर चालणाऱ्या मोबाइल ॲपांनी १५ जानेवारी दाखवली. शहरातल्या बहुतेक सुन्नी मशिदींत शब-ए-मेराजचं बयान आणि इबादत झाली ती १६ जानेवारीच्या रात्री. त्यातही काही छापील कॅलेंडरांत शब-ए-मेराज १६ तारखेच्या चौकटीत होती, तर काहींत १७ च्या. यातलं कुणीच चुकलं नव्हतं. फरक कशामुळे पडतो ते एकदा समजलं, की ही रात्र आपली आपल्याला काढता येते. मशिदीजवळ राहणारे, शाळेचं किंवा सोसायटीचं वार्षिक नियोजन करणारे, आणि मुस्लिम सहकाऱ्याच्या घरचा रोजा कधी आहे हे आधी माहीत असावं असं वाटणारे, अशा सगळ्यांसाठी ही रीत इथे सांगतो.

आधी ही रात्र कशाची ते थोडक्यात. प्रेषित मुहम्मद पैगंबर एका रात्रीत मक्केतल्या मस्जिद-ए-हराममधून जेरुसलेमच्या मस्जिद-ए-अक्सापर्यंत गेले आणि तिथून सात आसमानांच्या पलीकडे अल्लाहच्या सान्निध्यात पोहोचले, अशी श्रद्धा आहे. पहिल्या टप्प्याला इस्रा म्हणतात आणि दुसऱ्याला मेराज. इस्राचा उल्लेख कुरआनच्या सतराव्या सूरेच्या पहिल्याच आयतीत आहे. प्रवासाचे तपशील, बुराक हे वाहन, आधी पन्नास वेळची नमाज ठरणं आणि हजरत मूसांच्या सल्ल्यावरून ती कमी होत होत पाचवर येणं, हे सगळं हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांतून येतं. दिवसातून पाच वेळा जी अजान ऐकू येते, तिची मुळं या रात्रीशी अशी जोडलेली आहेत.

तारीख मात्र कुरआनात दिलेली नाही. जुन्या इतिहासकारांत महिन्याबद्दलही एकमत नव्हतं. कुणी रबीउल अव्वल सांगितला, कुणी रजब. वर्षाबद्दल बहुतेकांचा कल हिजरतीच्या, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्याच्या साधारण वर्षभर आधी, म्हणजे इ. स. ६२१ च्या आसपास असा आहे. भारतीय उपखंडात, तुर्कस्तानात आणि इतर बऱ्याच ठिकाणी २७ रजब रूढ झाली. अहल-ए-हदीस आणि त्यांच्या जवळचे काही पंथ घटना मानतात, पण ही तारीख नक्की नाही म्हणून त्या रात्री वेगळी इबादत ठरवून करत नाहीत. शिया परंपरेत २७ रजबला पैगंबरांना पैगंबरी मिळाल्याचा दिवस, म्हणजे मबअस, म्हणून जास्त महत्त्व आहे. त्यामुळे एका गल्लीत दोन मशिदी असतील आणि त्यातल्या एकीत त्या रात्री रोषणाई असेल, दुसरीत इशाच्या नमाजीनंतर दिवे मालवले जात असतील, तर त्यात काही बिनसलेलं नाही. खाली जी रीत आहे ती २७ रजब मानणाऱ्यांची.

पहिली पायरी: रात्र आधी, दिवस नंतर

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. इस्लामी दिनगणनेत दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य मावळला की बदलतो. मगरिबची अजान झाली की नवी तारीख लागली. त्यामुळे प्रत्येक तारखेची रात्र तिच्या दिवसाच्या आधी येते. हे फार अनोळखीही नाही. गुरुवारी संध्याकाळी दर्ग्यावर जाणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. ती जुमेरातची रात्र मुळात जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची रात्र धरली जाते.

याच नियमाने २७ रजबची रात्र म्हणजे २६ रजबचा सूर्य मावळल्यापासून २७ रजबच्या पहाटेपर्यंतचा वेळ. २७ रजब शनिवारी, १७ जानेवारी २०२६ ला होती, तेव्हा शब-ए-मेराज शुक्रवारी १६ तारखेच्या मगरिबला सुरू झाली आणि शनिवारच्या फजरला संपली. ज्यांना २७ चा रोजा ठेवायचा होता त्यांनी शनिवारी पहाटे सहरी केली आणि त्याच संध्याकाळी इफ्तार. कॅलेंडर छापणारे काही जण ज्या संध्याकाळी रात्र सुरू होते ती तारीख देतात, काही जण २७ रजबचा दिवस देतात. म्हणून एका कॅलेंडरात १६ आणि दुसऱ्यात १७. माझ्या मते सर्वसाधारण मराठी कॅलेंडरात संध्याकाळचीच तारीख द्यावी आणि सोबत ‘रात्र’ हा शब्द जोडावा. तो शब्द नसल्यामुळे दरवर्षी कुणीतरी २७ रजबचा दिवस मावळल्यावर मशिदीत जाऊन पोहोचतं आणि तिथे शुकशुकाट असतो.

दुसरी पायरी: रजबचा चांद कोणत्या संध्याकाळी दिसला ते शोधा

रजब हा हिजरी वर्षाचा सातवा महिना. त्याच्या आधीचा जमादिउल आखिर, नंतरचा शाबान, आणि त्याच्या पुढे रमजान. प्रत्येक महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो, २८ किंवा ३१ चा कधीच नाही. चालू महिन्याच्या २९ तारखेला मगरिबच्या वेळी पश्चिमेला चंद्रकोर पाहतात. दिसली तर महिना २९ चा आणि तीच रात्र नव्या महिन्याची पहिली. दिसली नाही, किंवा ढग आड आले, तर ३० दिवस पूर्ण करतात आणि पुढचा महिना आपोआप लागतो. ‘उनतीस का चांद’ आणि ‘तीस का चांद’ हे शब्द मोहल्ल्यात ऐकू येतात ते यासाठी.

आपल्याकडे हा निर्णय रुयत-ए-हिलाल समित्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या चांद कमिट्या, जाहीर करतात. चांद पाहिलेल्यांची शहादत, म्हणजे साक्ष, घेतली जाते आणि दुसऱ्या शहरांतल्या समित्यांशी बोलणं होतं. रमजान आणि ईदच्या चांदाइतका गाजावाजा रजबच्या चांदाचा होत नाही. त्यामुळे ही बातमी टीव्हीवर शोधू नका. मशिदीच्या फळ्यावर, इमामसाहेबांकडे किंवा समितीच्या निवेदनात ती मिळते.

आता एक गोष्ट जी पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. रमजान ईदच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ईद उद्या की परवा हे कुणी सांगू शकत नाही. शब-ए-मेराजचं तसं नाही. तिची अनिश्चितता महिन्याच्या सुरुवातीलाच संपते. रजब २९ चा होणार की ३० चा, याने २७ तारखेला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो आधीचा जमादिउल आखिर २९ चा झाला की ३० चा, एवढ्यानेच. रजबचा चांद जाहीर झाला की जवळजवळ चार आठवडे आधी रात्र पक्की कळते. म्हणून शेवटच्या क्षणी ‘चांद दिसला तर’ असं म्हणणारा संदेश शब-ए-मेराजबद्दल आला, तर तो पाठवणाऱ्याचा काहीतरी गोंधळ आहे असं समजा.

तिसरी पायरी: २६ संध्याकाळी पुढे जा

हिशोब सोपा आहे. ज्या संध्याकाळी रजबचा चांद झाला, ती रजबची पहिली रात्र. सत्ताविसावी रात्र तिच्यापुढे २६ संध्याकाळी. म्हणजे चांदाच्या तारखेत २६ मिळवा. वारासाठी आणखी सोपं: २६ म्हणजे तीन आठवडे आणि पाच दिवस, तेव्हा चांदाच्या वारापासून पाच वार पुढे मोजा.

हिजरी १४४७ चं उदाहरण घेऊ. भारतात रजबचा चांद रविवारी २१ डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळचा धरला गेला. १ रजब सोमवारी २२ डिसेंबरला. २१ मध्ये २६ मिळवले की ४७, डिसेंबरचे ३१ वजा केले की १६, म्हणजे १६ जानेवारी. रविवारपासून पाच वार पुढे शुक्रवार. १६ जानेवारी २०२६ ला शुक्रवारच होता.

इथे एक चूक नेहमी होते. काही जण चांदाच्या संध्याकाळऐवजी १ रजबच्या दिवसात २६ मिळवतात. २२ डिसेंबर अधिक २६ म्हणजे १७ जानेवारी येते. ती २७ रजबच्या दिवसाची तारीख म्हणून बरोबर आहे, पण रात्र म्हणून एक दिवस उशिराची. संध्याकाळपासून मोजलं तर संध्याकाळ मिळते, दिवसापासून मोजलं तर दिवस.

चांदाची तारीख चुकली असेल तरी रजबमधले दोन दिवस हाताशी येतात. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या उर्सची छठी ६ रजबला असते, आणि २२ रजबला अनेक घरांत इमाम जाफर सादिक यांच्या नावाने कुंडे भरतात, म्हणजे खीर-पुरीची नियाज होते. शेजारच्या घरातून कुंड्यांचं बोलावणं आलं असेल तर त्या दिवसापासून चौथी संध्याकाळ ही शब-ए-मेराज. २०२६ मध्ये २२ रजब १२ जानेवारीला होती, चौथी संध्याकाळ १६ ची.

आणि आकाश तर आहेच. २७ रजबची रात्र अमावस्येच्या एक-दोन दिवस अलीकडे येते. आपल्या पंचांगाच्या भाषेत कृष्ण द्वादशी ते चतुर्दशीच्या आसपास. संध्याकाळच्या आकाशात चंद्र दिसतच नाही, पहाटे उगवणारी बारीक कोर तेवढी असते. पूर्ण चंद्र डोक्यावर असताना कुणी शब-ए-मेराज सांगत असेल तर बहुधा त्याच्या मनात पंधरा शाबानची शब-ए-बरात आहे. मुंबईत दोन्हींना सैलपणे ‘बडी रात’ म्हटलं जातं, तिथून हा घोटाळा होतो.

चौथी पायरी: आधीच अंदाज हवा असेल तर अमावस्या पाहा

वर्षभर आधी नियोजन करायचं असेल तर चांद जाहीर होईपर्यंत थांबता येत नाही. इथे मराठी माणसाला एक सोय आहे. महाराष्ट्रातले महिने अमावस्येला संपतात आणि शुक्ल प्रतिपदेला सुरू होतात. इस्लामी महिनाही अमावस्येनंतरच्या पहिल्या कोरीने सुरू होतो. त्यामुळे दोन्ही महिने जवळजवळ बरोबर चालतात. पंचांगात शुक्ल प्रतिपदा किंवा द्वितीयेला ‘चंद्रदर्शन’ असं लिहिलेलं असतं. ती संध्याकाळ म्हणजे बहुधा चांदाची संध्याकाळ.

तरी पंचांगाचा शब्द शेवटचा मानू नका, अमावस्या किती वाजता संपते तेही बघा. ती संपल्यापासून सूर्यास्तापर्यंत जेवढे तास जातात ते चंद्राचं वय. पंधरा तासांहून कमी वयाची कोर नुसत्या डोळ्यांना दिसणं जवळपास अशक्य असतं. दिवसभराहून जुनी कोर, हवा स्वच्छ असेल तर, साधारणपणे दिसते. मधल्या वयाची कोर दिसेल की नाही हे चंद्र सूर्यापासून किती दूर आणि क्षितिजापासून किती उंच आहे यावर ठरतं. अशा वेळी वहीत दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात.

२०२५ च्या डिसेंबरात अमावस्या २० तारखेला सकाळी सव्वासातच्या सुमाराला संपली. मुंबईत सूर्य संध्याकाळी सहाच्या थोडं नंतर मावळतो, म्हणजे त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम अकरा तासांचा होता. दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी, २१ ला, तो पस्तीस तासांचा झाला. म्हणून चांद २१ चा.

हाच हिशोब हिजरी १४४८ ला लावून पाहू. डिसेंबर २०२६ मधली अमावस्या ९ तारखेला सकाळी साडेसहाच्या आत संपते. त्या संध्याकाळी चंद्राचं वय पुन्हा बारा तासांच्या आत, म्हणून चांद होणार नाही. गुरुवारी १० डिसेंबरला कोर सहज दिसण्याजोगी असेल. तिच्यात २६ मिळवले की मंगळवार, ५ जानेवारी २०२७. भारतात शब-ए-मेराज त्या रात्री असण्याचा अंदाज आहे आणि २७ रजबचा दिवस बुधवारी, ६ जानेवारीला. हा गणिताचा अंदाज आहे, घोषणा नव्हे. डिसेंबरात समितीचं निवेदन येईल तेव्हा ताडून घ्यावा.

मराठी महिन्याशी जोडी लावताना एक गोष्ट सांभाळायची. हिंदू पंचांगात सूर्याशी मेळ ठेवण्यासाठी दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास येतो. इस्लामी दिनदर्शिकेत असा जादा महिना घालायला कुरआनच्या नवव्या सूरेतच मनाई आहे. म्हणून हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचंच राहतं आणि इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा, कधी बारा दिवस अलीकडे सरकतं. १४४६ आणि १४४७ चे रजब आपल्या पौषाबरोबर आले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, आणि १४४८ चा रजब पौषातून घसरून मार्गशीर्षात गेला. ‘रजब म्हणजे पौष’ असं कुणी पाठ केलं असेल तर ते दोन-तीन वर्षंच टिकतं.

या सरकण्याचा एक गमतीचा परिणाम लवकरच दिसेल. २०२७ मध्ये शब-ए-मेराज ५ जानेवारीला येते आणि हिजरी १४४९ ची त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या आसपास. एका इंग्रजी वर्षात दोन. कॅलेंडर छापणाऱ्यांनी दुसरी विसरू नये.

सध्या रजब थंडीत आहे, महाराष्ट्रात तेव्हा आकाश बहुतेक निरभ्र असतं, म्हणून अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फारशी तफावत पडत नाही. २००७ ते २००९ च्या सुमारास रजब ऐन पावसाळ्यात होता. कोकणात ढगांमुळे कोर दिसण्याची आशाच नसे, आणि जिथे आकाश मोकळं असेल तिथल्या शहादतीवर किंवा तीस दिवस पुरे करण्यावर भिस्त ठेवावी लागे. साधारण तेहेतीस वर्षांनी ऋतूंचं हे चक्र पुरं होतं, तेव्हा २०४० च्या सुमाराला रजब पुन्हा पावसात येईल.

पाचवी पायरी: ॲप आणि परदेशातली तारीख जुळवून घ्या

सुरुवातीला सांगितलेल्या तीन तारखांचा उलगडा आता करता येतो. सौदी अरेबियाची उम्मुल कुरा दिनदर्शिका गणितावर चालते. मक्केत सूर्यास्तापूर्वी अमावस्या संपलेली असली आणि चंद्र सूर्यानंतर मावळत असला, की दुसऱ्या दिवशी नवा महिना. कोर डोळ्यांना दिसलीच पाहिजे अशी अट त्यात नाही. २० डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळी मक्केत दोन्ही गोष्टी होत्या, म्हणून तिथे १ रजब २१ डिसेंबरला लागली आणि सत्ताविसावी रात्र १५ जानेवारीला आली. तुर्कस्तानही गणितानेच महिने ठरवतो, तिथेही मिराजची रात्र १५ जानेवारीलाच होती.

दाऊदी बोहऱ्यांची दिनदर्शिका याहून वेगळी, पूर्णपणे ठरलेल्या कोष्टकाची आहे. विषम महिने ३० चे आणि सम महिने २९ चे, शिवाय तीस वर्षांत अकरा वर्षं एक दिवस जास्त. चांद पाहण्याचा प्रश्नच येत नाही, शंभर वर्षांनंतरची तारीखही आज सांगता येते. १४४७ चा त्यांचा मोहर्रम २६ जून २०२५ ला सुरू झाला. पहिल्या सहा महिन्यांचे १७७ दिवस पुढे गेलं की १ रजब २० डिसेंबरला येते, आणि २७ ची रात्र १४ जानेवारीला.

फोनवरची बरीच ॲप मूळ सेटिंगमध्ये उम्मुल कुराच दाखवतात. त्यांच्या सेटिंगमध्ये हिजरी तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करण्याची सोय असते. भारतात ती बहुतेक वेळा एक दिवस मागे करावी लागते. मात्र एकदा लावून विसरू नका. एखाद्या महिन्यात सौदी आणि भारत एकाच दिवशी महिना सुरू करतात, आणि मग ॲप उलट्या बाजूने चुकतं. रजबचा चांद जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपमध्ये १ रजब दिसते का हे पाहायचं, नसेल तर दुरुस्त करायचं. काही ॲप मगरिबला तारीख बदलतात, काही मध्यरात्री. मध्यरात्री बदलणाऱ्या ॲपात शब-ए-मेराजच्या संध्याकाळी २६ रजबच लिहिलेलं दिसेल, आणि ते तसंच दिसायला हवं.

आखाती देशांत नोकरी करणाऱ्या रत्नागिरी-रायगडकडच्या घरांत हा एक दिवसाचा फरक रोजच्या बोलण्यातला असतो. दुबईहून मुलाचा फोन येतो तेव्हा तिकडे सत्ताविसावी रात्र चालू असते आणि इकडे आई दुसऱ्या दिवशीच्या सहरीची नव्हे, परवाच्या सहरीची तयारी मनात धरून असते. जिथे राहता तिथल्या चांदाप्रमाणे चालायचं, असा तिथला साधा रिवाज आहे. माणूस मधल्या दिवसांत प्रवास करून आला, तर त्याला दोन्हीकडे ही रात्र मिळू शकते, किंवा इकडून तिकडे जाताना एकीकडेही नाही.